‘मध्यंतरानंतर कथा रेंगाळते’ याच्या पुढे: स्क्रिप्ट रीडरच्या अर्जासाठी कव्हरेज

प्रश्न: मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. मराठीत एम.ए. केलंय, दोन हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो. मुंबईच्या एका निर्मिती संस्थेला स्क्रिप्ट रीडर हवा आहे. अर्जासोबत सॅम्पल कव्हरेज मागितलंय. मित्राच्या पटकथेवर चार पानं लिहिली, वाचणारे म्हणतात समीक्षा छान जमली. त्यात मी लिहिलंय, ‘संवाद जिवंत आहेत, पण मध्यंतरानंतर कथा रेंगाळते.’ असंच पाठवू का? की एखाद्या गाजलेल्या सिनेमाच्या पटकथेवर लिहू?

उत्तर:

असंच पाठवू नका, आणि गाजलेल्या सिनेमावरही लिहू नका. मित्राची पटकथा मात्र ठेवा. तुमची निवड बरोबर आहे, लिहिण्याची जात बदलायची आहे.

वाचणाऱ्यांना ती समीक्षा वाटली, तिथेच अडचण आहे. समीक्षा वाचणाऱ्याने कलाकृती पाहिलेली असते, निदान पाहायचा विचार तरी असतो. कव्हरेज म्हणजे रीडरने निर्मिती संस्थेसाठी लिहिलेला पटकथेचा अहवाल. तो वाचणाऱ्याने पटकथा वाचलेली नसते आणि बहुतेक वेळा तो ती वाचणारही नसतो. त्याच्याकडे अशा पंधरावीस पटकथा पडलेल्या असतात. त्याला एवढंच ठरवायचं असतं की या लेखकाला भेटायला बोलवायचं की नाही. तुमच्या तीनचार पानांवर त्याला तो निर्णय घेता आला पाहिजे, आणि उद्या कुणी ‘का नाही घेतली?’ असं विचारलं तर उत्तरही त्याच पानांत सापडलं पाहिजे. तसंच कव्हरेज लेखकासाठी नसतं. लेखकाला सुधारणा सुचवणं, म्हणजे नोट्स देणं, हे वेगळं काम आहे. ‘लेखकाने इथे असं करून पाहावं’ अशी वाक्यं कव्हरेजमध्ये वाढू लागली की समजायचं, आपण चुकीच्या माणसाशी बोलतोय.

मी अकरा वर्षं पटकथा वाचते आहे. आधी मुंबईत राहून वाचल्या, आता पाच वर्षं ब्रह्मपुरीजवळच्या माझ्या गावातून वाचते. माझं पहिलं सॅम्पल एका संस्थेने दोन ओळींत परत केलं होतं: ‘भाषा उत्तम आहे. पटकथा काय आहे ते कळलं नाही.’ तेव्हा वाईट वाटलं. पण ती शेरेबाजी नव्हती, नेमकं निदान होतं. म्हणून तुम्हाला जरा लांबलचक लिहिते.

काही गोष्टी संस्थेवर अवलंबून असतात, त्या आधी सांगते. संस्थेने स्वतःचा साचा पाठवला असेल तर तोच वापरायचा, माझं ऐकायचं नाही. ती मालिका बनवत असेल तर चित्रपटाच्या पटकथेवरचं सॅम्पल चालेल का, हे मेल करून विचारा. असं विचारलं म्हणून कुणी नाराज होत नाही. भाषेचंही विचारून घ्या. माझ्या अनुभवात पटकथा मराठी किंवा हिंदी असली तरी मुंबईच्या बऱ्याच संस्थांना कव्हरेज इंग्रजीत लागतं, फक्त मराठी चित्रपट करणाऱ्यांना मराठीत चालतं. इंग्रजी हवं असेल तर साधं, छोट्या वाक्यांचं लिहा. इथे कुणी भाषेचं सौंदर्य मोजत नाही.

गाजलेला सिनेमा का नको, ते सांगते. त्याची पटकथा तुम्ही कोरी वाचूच शकत नाही. नटाचा चेहरा, पार्श्वसंगीत, थिएटरात लोक कुठे हसले, हे सगळं वाचताना तुमच्यासोबत असतं. निकालही जगाला आधीच माहीत असतो. त्यामुळे तुमची पारख दिसायला जागा उरत नाही. शिवाय इंटरनेटवर फिरणारी प्रत अनेकदा चित्रीकरणाची, नाहीतर सिनेमा पाहून कुणीतरी उतरवलेली असते. लेखकाने संस्थेकडे पाठवलेला खर्डा तसा नसतो. रीडरला रोज वाचावे लागतात ते खर्डे अर्धे चांगले आणि अर्धे फसलेले असतात. सॅम्पललाही तसाच घ्या. फार उत्तम नको, अगदी टाकाऊही नको. टाकाऊ पटकथेतले दोष कुणालाही दाखवता येतात.

मित्राची लेखी परवानगी मात्र घ्या, एक मेसेज पुरे. त्याला नको असेल तर त्याचं नाव आणि पटकथेचं नाव बदला, आणि बदललं आहे हे पहिल्या पानावर लिहा. दुसऱ्या संस्थेसाठी गोपनीयतेच्या अटीवर वाचलेल्या पटकथेवरचं कव्हरेज चुकूनही जोडू नका. ते वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो की हा माणूस उद्या आमचीही पटकथा अशीच बाहेर दाखवेल. तिथे अर्ज संपतो.

आता मांडणी. पहिल्या पानावर माहितीचा तक्ता: नाव, लेखक, खर्ड्याची तारीख, पानं, प्रकार, स्थळ, काळ, आणि एकदोन वाक्यांत गोष्ट सांगणारा लॉगलाइन. त्यानंतर सारांश, मग अभिप्राय. पटकथा शंभर-सव्वाशे पानांची असेल तर सारांश दीड पान, अभिप्राय एक ते सव्वा पान. शेवटी कल्पना, रचना, पात्रं, संवाद यांच्या चौकटी आणि निकाल. एवढंच. खरी मेहनत सारांश आणि अभिप्राय यांच्यातल्या धाग्यात आहे. तुमचं ‘रेंगाळते’ तिथेच अडकलंय.

हे माझ्याच एका उदाहरणावरून दाखवते. ओळखीच्या एका लेखकाची 108 पानांची पटकथा आहे, अजून चित्रपट झालेला नाही. त्याच्या परवानगीने, नावं आणि काही तपशील बदलून सांगते.

वामन हा जंगलाला लागून तीन एकर धान करणारा शेतकरी. रानडुकरं पीक लोळवतात म्हणून तो शेजाऱ्याच्या पंपाच्या जोडणीतून वीज घेऊन धानाच्या बांधीभोवती तार लावतो. 12व्या पानावर त्या तारेत वाघीण मरते. वामन आणि शेजारी मिळून ती बांधीतच पुरतात. वामनच्या बायकोचा, सुनंदाचा, भाऊ प्रदीप त्याच बीटात वनरक्षक आहे. 24व्या पानावर बेपत्ता वाघिणीचा शोध त्याच्याकडे येतो. 31व्या पानावर सुनंदाला सगळं कळतं. वाघिणीचे दोन बछडे रोज संध्याकाळी त्या बांधीकडे येऊ लागतात. 48व्या पानावर प्रदीपला धुऱ्यावर तारेची जळकी खूण सापडते. 79व्या पानावर पावसाने माती खचते आणि वाघीण उघडी पडते. 98व्या पानावर शेजारी कबुली देतो. शेवटच्या दृश्यात वामन रिकाम्या बांधीत एकटा उभा आहे.

मी पहिलं वाचन एका बैठकीत करते, पेन हातात न घेता. फोन दुसऱ्या खोलीत. मन पहिल्यांदा पटकथेबाहेर गेलं तो पान क्रमांक फक्त लक्षात ठेवते. या पटकथेत तो 55 होता. दुसऱ्या वाचनात प्रत्येक दृश्यासमोर एक ओळ लिहिते: कुणाला काय हवंय, आणि दृश्य संपताना काय बदललं. मग पटकथा बंद करून, त्या ओळींवरून सारांश लिहिते. प्रॉम्प्टर म्हणून तुम्हाला हे सोपं जाईल. नट कुठे अडकणार हे वहीतून कळतं ना, तसंच हे आहे.

सारांश वर्तमानकाळात, सलग, शेवटासकट लिहायचा. रहस्य राखायचं नाही, कारण वाचणाऱ्याला शेवट कळलाच पाहिजे. दृश्यांची माळ ओवायची नाही, एका गोष्टीमुळे दुसरी कशी घडली ते लिहायचं. ‘वामन घाबरतो. मग शेजारी येतो. मग ते वाघीण पुरतात’ यात काहीच हाती लागत नाही. ‘वीज शेजाऱ्याच्या जोडणीतली असल्याने दोघंही अडकणार, म्हणून उजाडायच्या आत ते वाघीण बांधीतच पुरतात’ असं लिहिलं की शेजाऱ्याचा 98व्या पानावरचा कबुलीजबाब कुठून आला, हेही वाचणाऱ्याला आपोआप उमगतं. आणि सारांशात मत घालायचं नाही. ‘हृदयद्रावक दृश्यात’ असा शब्द आला की तो काढायचा.

हा सारांश लिहून झाल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. माझ्या दृष्टीने सगळ्या कव्हरेजचा जीव यातच आहे. पहिली गोष्ट लांबीची. पहिल्या 47 पानांना माझ्या सारांशात जवळजवळ एक पान लागलं होतं. पुढच्या 48 ते 79 या 32 पानांना चार ओळी पुरल्या. मी घाई केली नव्हती, सांगण्यासारखं बदललेलंच तेवढं होतं.

दुसरी गोष्ट तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात म्हणून मुद्दाम सांगते: सारांशातल्या वाक्यांचे कर्ते पाहा. सुरुवातीला वामन तार लावतो, वामन वाघीण पुरतो, वामन मेहुण्याशी खोटं बोलतो. 48 नंतर प्रदीप खूण ओळखतो, प्रदीप अहवाल दडवतो, प्रदीप साहेबांना चुकीच्या ओढ्याकडे नेतो. मग पाऊस वाघीण उघडी पाडतो. मग शेजारी कबुली देतो. या सगळ्या पानांत वामनच्या नावावर एकच क्रियापद उरतं: वाट पाहतो. मन 55व्या पानावर का उडालं, त्याचं कारण इथे सापडलं. ज्याच्या मानेवर सुरी आहे त्याच्याकडे करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि जो सगळं करत होता त्याला काय हवंय हे मला माहीत नव्हतं.

पण इथे घाईने ‘नायक निष्क्रिय आहे’ असा शेरा मारू नका. हे वाक्य रीडर लोक फार वापरतात आणि अनेकदा ते चुकीचं असतं. निष्क्रिय माणसावरच्या चांगल्या पटकथा असतात. मध्येच गोष्ट दुसऱ्या माणसाकडे सोपवणाऱ्याही असतात. मग हे ठरवून केलंय की हातून निसटलंय, हे कसं ओळखायचं? मी पटकथेलाच विचारते. गोष्ट प्रदीपकडे सोपवायची होती, तर 48च्या आधी त्याला काय हवंय ते दिसायला हवं होतं. इथे त्याच्या बढतीचा पहिला उल्लेख 52व्या पानावर येतो, म्हणजे त्याने खूण दडवून झाल्यावर. आणि शेवट प्रदीपचा असायला हवा होता. पण शेवटच्या दृश्यात वामन आहे, प्रदीप त्यात नाही. म्हणजे ही वामनची गोष्ट आहे असं पटकथा स्वतःच म्हणते, आणि 32 पानं तो तिच्यातून निसटतो. ही माझी आवडनिवड राहिली नाही. पानांवरून दाखवता येणारी गोष्ट झाली.

आता अभिप्राय. माझ्या पहिल्या खर्ड्यात मीही तुमच्यासारखंच लिहिलं होतं: ‘सुरुवात पकड घेणारी आहे, मात्र उत्तरार्धात गती मंदावते.’ ते काढून त्या जागी हे लिहिलं:

‘पटकथेची मूळ अडचण 48 ते 79 या पानांत आहे. तोवर प्रत्येक वळण वामनच्या निर्णयाने येतं. प्रदीपला तारेची खूण सापडल्यावर सगळे निर्णय प्रदीप घेतो आणि वामनकडे वाट पाहण्यापलीकडे काही उरत नाही. प्रदीपची स्वतःची गरज 52व्या पानाआधी न आल्याने त्याच्या निर्णयांचं वजनही जाणवत नाही. याचा परिणाम शेवटावर होतो. वाघीण पावसामुळे उघडी पडते, कबुली शेजारी देतो, म्हणून अखेरच्या दृश्यात वामनने काय गमावलं किंवा काय निवडलं हे स्पष्ट होत नाही. सुनंदाला 31व्या पानापासून सगळं ठाऊक आहे आणि ती या दोघांच्या मध्ये उभी आहे, तरी त्यानंतर तिला एकच मोठं दृश्य मिळतं. दुरुस्तीची सर्वात जवळची वाट इथे दिसते.’

एकच दोष घेतला आहे. त्याची जागा, कारण आणि परिणाम दिले आहेत, दुरुस्ती शक्य आहे का याची एक ओळ आहे. संवादातली दोन लांब भाषणं, एक अनावश्यक गाणं, पुनरावृत्त झालेलं एक दृश्य असे आणखी सातआठ दोष माझ्या वहीत होते. त्यातले दोनच, शेवटच्या छोट्या परिच्छेदात घेतले. दहा दोषांची यादी वाचून निर्णय घेणाऱ्याला कळत नाही की घर पडणार आहे की फक्त रंग उडालाय.

दोषाइतकाच गुणही नेमका सांगायला हवा. ‘कल्पना दमदार आहे’ असं लिहू नका. मी लिहिलं की बछड्यांचं रोज बांधीकडे येणं ही या पटकथेची सर्वात मोठी ताकद आहे, कारण त्यामुळे पुरलेली गोष्ट कुणी एक शब्द न बोलता रोज पडद्यावर परत येते.

आता आपल्या भागातल्या रीडरची एक खास चूक. ती माझ्या हातून झालेली आहे. ही पटकथा वाचताना पहिल्या 47 पानांत माझ्या छातीत धडधड होत होती. नंतर लक्षात आलं की त्यातली अर्धी धडधड मी घरून आणली होती. वाघ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येतो आणि अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे, हे मला माहीत होतं. इकडे अशा घटना ऐकत आपण वाढलो. पण पकडला गेला तर वामनचं काय होईल, हे 108 पानांत एकदाही कुणी बोलत नाही. अंधेरीत बसून वाचणाऱ्याला वाटेल, दंड भरेल आणि सुटेल. ती पोकळी मी माझ्या माहितीने भरून काढली आणि ताण पटकथेतच आहे असं समजले. म्हणून दुसऱ्या वाचनात मी जिथे जिथे घाबरले किंवा गहिवरले, तिथे बोट ठेवून विचारते: हे या पानावर लिहिलंय का? नसेल तर तो गुण म्हणून लिहायचा नाही, उणीव म्हणून लिहायची: ‘वामनला नेमका कसला धोका आहे हे पटकथा सांगत नाही, स्थानिक नसलेल्या प्रेक्षकाला तो कळणार नाही.’ तुम्ही गडचिरोलीचे आणि तुमचा मित्रही तिकडचाच असेल, तर ही तपासणी कराच.

याची उलट बाजूही आहे. आपल्याला सहज कळणारा शब्द वाचणाऱ्याला कळेलच असं नाही. सारांशात ‘बांधी’ पहिल्यांदा आला तिथे मी ‘बांध घातलेला धानाचा तुकडा’ असं अर्ध्या ओळीत सांगितलं. प्रत्येक शब्दाला नको, गोष्ट ज्याच्यावर उभी आहे त्या दोनतीन शब्दांना पुरे.

तुमचे ‘जिवंत संवाद’ही याच वाटेने जातात. बोली अस्सल असणं आपल्याला इतकं सुखावतं की संवाद काम करतो की नाही हे पाहायचं राहून जातं. या पटकथेत खूण सापडल्यावर प्रदीप वामनला म्हणतो, ‘मले सांगू नोका, भाऊजी. सांगितलं तं मले लिहा लागते.’ या दोन वाक्यांत नातं आहे, नोकरी आहे आणि त्याने आधीच घेतलेली बाजूही आहे. मी अभिप्रायात हे वाक्य जसंच्या तसं दिलं, खाली अर्थ दिला आणि ते काय करतं ते सांगितलं. त्याच पटकथेत 66व्या पानावर चहाच्या टपरीवरचं तीन पानांचं बोलणं आहे. बोली तितकीच अस्सल, पण तिथे कुणालाच काही नको आहे, बोलीवर हसू यावं एवढ्यासाठीच ते दृश्य आहे. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. ‘संवाद जिवंत’ याच्या जागी तुमच्या मित्राच्या पटकथेतून अशी एक जोडी शोधून ठेवा.

लॉगलाइन सर्वात शेवटी लिहा, कारण गोष्ट कुणाची आहे हे आता कुठे पक्कं झालेलं असतं. माझा आधीचा होता: ‘विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या संघर्षाची आणि निसर्गाशी असलेल्या नात्याची हृदयस्पर्शी कथा.’ हा शंभर पटकथांना चालेल. नंतरचा: ‘डुकरांसाठी लावलेल्या विजेच्या तारेत वाघीण मेल्यावर ती आपल्याच शेतात पुरणारा शेतकरी, तपासावर आलेल्या वनरक्षक मेहुण्यापासून ते लपवू पाहतो, पण वाघिणीचे बछडे रोज त्याच शेताकडे येऊ लागतात.’

निकालाच्या शब्दांत एक खड्डा आहे. तीन शब्द चालतात: पास, कन्सिडर, रेकमेंड. आपल्याकडे पास म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण. इथे पास म्हणजे सोडून द्या, नको. चांगल्या पटकथेखाली आनंदाने ‘पास’ लिहून पाठवलेलं सॅम्पल मी स्वतः पाहिलं आहे. कन्सिडर म्हणजे विचार करण्याजोगी. रेकमेंड फार क्वचित द्यायचं, कारण त्यानंतर तुमच्या शब्दावर तुमचा वरिष्ठ स्वतःची संध्याकाळ खर्च करून पटकथा वाचायला बसतो. पटकथेचा आणि लेखकाचा निकाल वेगळा देता येतो, आणि बरेचदा तोच प्रामाणिक असतो. मी वरच्या पटकथेला पास दिला आणि लेखकाला कन्सिडर. बछडे आणि तो संवाद ज्याला सुचला त्याची पुढची पटकथा कुणीतरी वाचावी असं मला मनापासून वाटत होतं, पण या खर्ड्याचा मधला एक तृतीयांश भाग नव्याने लिहावा लागणार होता. चौकटीही याला जुळल्या पाहिजेत: कल्पना उत्कृष्ट, रचना कमजोर, पात्रं ठीक, संवाद चांगले. सगळीकडे ‘चांगलं’ आणि खाली पास, असं असेल तर वाचणारा तिथेच थबकतो.

वेळेचं भान ठेवा. सॅम्पल आवडलं तर संस्था बहुधा एक अनोळखी पटकथा पाठवून एकदोन दिवसांत कव्हरेज मागते. सॅम्पलवर तुम्ही तीन आठवडे घासलेत आणि चाचणीचं एका रात्रीत लिहिलंत, तर दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसतो. म्हणून या सॅम्पलला मोजून दोन दिवस द्या: पहिल्या दिवशी दोन्ही वाचनं आणि दृश्यांच्या ओळी, दुसऱ्या दिवशी सकाळी सारांश, दुपारी अभिप्राय. संध्याकाळी मोठ्याने वाचून काढा. मी रोवणीच्या दिवसांत पहाटे चार ते आठ वाचते, तेव्हा घरात कुणी हाक मारत नाही. तुमचेही असे चार तास शोधून ठेवा, चाचणी आली की तेच लागतील.

मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करून पाठवा. त्यांच्या संगणकावर कृतिदेव फॉन्ट नसेल, तर त्यात लिहिलेली वर्ड फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात. मेलमध्ये तीनचार ओळी पुरेत: पटकथा कुणाची, परवानगी आहे, चित्रपट झालेला नाही, कव्हरेजला दोन दिवस लागले. झाडीपट्टीतलं प्रॉम्प्टिंग त्यात नक्की लिहा. रात्रभराचं नाटक वही हातात धरून दोन हंगाम ऐकलेल्या माणसाला गोष्ट कुठे थांबते याचा कान असतो, आणि या कामासाठी तो अनुभव थेट उपयोगाचा आहे.

आता तुमच्या चार पानांकडे परत जा. ‘मध्यंतरानंतर’ म्हणजे कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, ते शोधा. त्या भागाचा सारांश किती ओळींत बसतो आणि त्या ओळींचे कर्ते कोण आहेत, ते पाहा. उत्तर सापडलं की अभिप्रायाचा पहिला परिच्छेद तिथून सुरू करा. तो परिच्छेद इथे टाकलात तर मी वाचून सांगेन. मित्राची पूर्ण पटकथा मात्र टाकू नका.